वाटीभर भाताची मूद

माझा नवरा भुकेने तडफडत नव्हता, यातच मला काळंबेरं वाटत होतं. बाळकुमसारख्या भातखाऊ गावातला माणूस, जन्मभर दोन्ही वेळा ताटात भाताचा ढीग लागलेला. साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी तीन महिने दिले. उतरली नाही तर इन्सुलिन. सुई दिसली की याला घाम फुटतो.

आहारतज्ज्ञ बाईंनी बजावलं होतं की एका जेवणाला एक वाटी शिजलेला भात, नाहीतर लिंबाएवढ्या गोळ्यांचे दोन फुलके. आधी कोशिंबीर आणि पालेभाजी, मग वाटीभर उसळ, भात शेवटी. मी लिंबू शेजारी ठेवून गोळे करायचे. कोशिंबिरीची तर परातच भरायची.

आणि हा शांतपणे उठायचा. "भरलं पोट," म्हणायचा.

"एवढ्याशा भातात?"

"अगं, एवढी मटकी खाल्ल्यावर भूक कुठली!"

मला नाही पटलं. मी शर्ट हुंगले, स्कूटरची डिकी उघडून बघितली. नाक्यावरच्या वडापाववाल्यालाही विचारलं. त्याने 'नाही' म्हटलं, तर मला वाटलं, हाही सामील.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. साखर जेमतेम हलली होती. दवाखान्यात मी सगळ्यांसमोर म्हणाले, "बाहेर काय खाता ते आता तरी खरं सांगा." तो खाली बघत राहिला. माझी तर खात्रीच पटली.

बाईंनी घरची वाटी, भातवाढी आणि भाताचा डबा आणायला सांगितलं होतं. "रोज वाढता तसं वाढा," त्या म्हणाल्या. मी वाटीत भात भरला, भातवाढीने दाबला, पुन्हा भरला, पुन्हा दाबला आणि ताटलीत उपडी केली. सुरेख मूद पडली. लग्न झाल्यापासून मी भात असाच वाढते.

बाईंनी काट्याने मूद मोकळी केली आणि तोच भात न दाबता त्याच वाटीत भरला. वाटी काठोकाठ भरली, तरी ताटलीत जवळजवळ अर्धी वाटी उरला. माझे कान तापले. बाईंनी डॉक्टरांशी बोलून आणखी तीन महिने मिळवून दिले.

रिक्षात मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"पथ्याच्या दुसऱ्याच दिवशी कळलं. मूद फोडली की ताट भरायचं."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुला माझी दया येते म्हणून आता मुद्दाम जास्तच दाबतेस. म्हटलं, कशाला उघडं पाडा."

मला माझीच लाज वाटली. मी त्याचे खिसे उलटेपालटे करत होते, आणि दवाखान्यात सगळ्यांसमोर हा मला वाचवत होता.

संध्याकाळी भात मोकळाच वाढला. त्याने आधी कोशिंबीर संपवली, मग मटकी, मग सावकाश भात.

"पोट भरलं?" मी विचारलं.

"भरलं," तो म्हणाला. मी ताट उचललं आणि पुढे काही विचारलं नाही.