आतेभावाची गाडी

वडिलांचा पाय अर्धांगवायूनं गेला, तेव्हापासून आमच्या तालुक्याच्या वाशीहून जिल्ह्याला, धाराशिवला दवाखान्यात न्यायचं म्हणजे एसटीची पायरी हा डोंगर झाला होता. म्हणून मी जुनी गाडी शोधत होते. आतेभाऊ म्हणाला, "ताई, बाहेर कशाला बघतीस? माझीच घे. घरातल्या घरात राहील."

गाडी मी आधी पाहिली होती. वडिलांना पहिल्यांदा दवाखान्यात न्यायला हीच आमच्या दारात उभी होती.

एका रविवारी तो आला. मी आरसी मागितली. तिच्यावर त्याचं नाव नव्हतं, आधीच्या मालकाचं होतं, आणि खाली फायनान्स कंपनीचा बोजाही होता.

"कर्ज फिटलंय, एनओसी येणार हाय," तो म्हणाला. "नाव तवाच बदलू."

मी दंडाची चलनं बघायला मोबाईलवर गाडीचा नंबर टाकला. साईटनं चासी नंबरचे शेवटचे पाच आकडे मागितले. आरसीवरचे टाकले तशी चलनं उघडली. त्यातलं एक पुण्याचं होतं, वेगमर्यादेचं, फोटोसकट. तारीख-वेळ वाचून मी थांबले. त्याच दिवशी, त्याच सकाळी, ही गाडी वडिलांना पहिल्यांदा दवाखान्यात घेऊन धाराशिवच्या रस्त्यावर होती.

"गाडीचं दार उघड," मी त्याला म्हटलं.

सीटखालची मॅट उचलली. पत्र्यावर कोरलेला चासी नंबर वेगळाच होता. शेवटच्या पाचांतला एकही आकडा आरसीशी जुळेना. ही गाडी दुसऱ्याच गाडीची पाटी आणि कागद घालून फिरत होती.

"तुला माहीत होतं?"

तो मॅट नीट करू लागला. "गाडी विकणाऱ्या एजंटनं फसवलं गं मला. नावावर करायला गेलो तवा कळलं. त्यो फोनच उचलंना."

"मग मला का विकत होतास?"

"तू घरची. तू काय तपासणार हायेस, वाटलं."

मला रडू आलं नाही. चोरीची असली तर पोलीस मला आणि आजारी वडिलांना रस्त्यात उतरवतील, हे त्याला दिसलंच नव्हतं का? की दिसूनही चाललं असतं?

"तूच पोलीस ठाण्यात जा, एजंटचं नाव दे," मी म्हटलं. त्यानं मान डोलावली. आठवडा गेला, तो गेला नाही. वर गाडी कळंबकडच्या गिऱ्हाईकाला दाखवल्याचं कानावर आलं, तेव्हा मी स्वतः जाऊन अर्ज दिला.

पोलिसांनी गाडी नेली, त्यालाही जबाबाला बोलावलं. आत्या दारात येऊन म्हणाली, "बहीण म्हणून राखी बांधलीस, अन् पोलिसात दिलंस?" एजंटला मात्र त्या घरात कुणी एक शिवी दिल्याचं मी ऐकलं नाही.

वडील अजून एसटीनंच दवाखान्यात जातात. भाचा कुठाय, असं अधूनमधून विचारतात. मी त्यांना सांगते, तो कामात आहे.