हायड्रोजनला झाकणारं कोणी नाही

लूर्डस डिमेलो आमच्या कॉलेजात एकोणीस वर्षं तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवत होती. तासिका तत्त्व म्हणजे काय, ते ज्यांना ठाऊक नाही ते सुखी आहेत. शिकवलेल्या तासापुरती माणसाची गरज, तास संपला की तुम्ही कोण आणि आम्ही कोण. दर जूनमध्ये ती नवा अर्ज करायची, आणि दर जूनमध्ये ऑफिसातले लोक तिला तिच्या नावाचं स्पेलिंग विचारायचे.

मी हर्षद. त्याच विभागात, तिच्या शेजारच्या टेबलावर, पर्मनंट. तिच्याहून पाच वर्षांनी लहान आणि शिकवण्यात तिच्या पासंगालाही न पुरणारा. हे मी नम्रपणाने म्हणत नाही, मुलं तोंडावर सांगायची. माझ्या तासाला शेवटच्या तीन रांगा झोपायच्या आणि तिच्या तासाला दुसऱ्या डिव्हिजनची मुलं दाराशी उभी राहायची.

तिचं घर अंधेरी पूर्वेला, गुंदवलीच्या गावठाणात. वडील पार्ल्याच्या बिस्किट कारखान्यात होते, आई घरी पापड आणि लोणची करायची. आठ बिऱ्हाडांच्या त्या गल्लीत एम.एस्सी. झालेली ती पहिली. लग्न केलं नाही. ‘वेळच मिळाला नाही रे,’ म्हणायची, आणि हसायची. मला ते हसणं कधीच खरं वाटलं नाही.

पहिल्या वर्षाच्या मुलांना स्लेटरचे नियम शिकवायची तिची एक पद्धत होती. अणूच्या मध्यात केंद्रक, भोवती इलेक्ट्रॉन. बाहेरच्या इलेक्ट्रॉनला केंद्रकाची ओढ पुरी लागत नाही, कारण मधले इलेक्ट्रॉन आड येतात. किती आड येतात ते मोजायचं, अणुक्रमांकातून वजा करायचं, जे उरतं तो परिणामी केंद्रकीय प्रभार. पुस्तकात हे दोन पानं चालतं. लूर्डस सहा मुलांना उठवायची. कार्बनचे सहा इलेक्ट्रॉन. दोघं फळ्याजवळ, चौघं मागे एका रांगेत. मग मागच्यातल्या एकाचा हात धरून त्याला बाजूला काढायची.

‘हिशेब याचा आहे. हा स्वतःला झाकणार का?’

‘नाही मिस!’

‘मग उरले किती?’

रांगेत उरले तीन. शेजारचा फार झाकत नाही, प्रत्येकी ०.३५. आतले दोघं बरंच झाकतात, प्रत्येकी ०.८५. तीन पस्तीस म्हणजे १.०५, दोन पंच्याऐंशी म्हणजे १.७०, मिळून २.७५. सहातून गेले, उरले ३.२५. मग ती नायट्रोजनसाठी आणखी एकाला रांगेत उभं करायची. केंद्रकात एक प्रोटॉन वाढला, पण नवा इलेक्ट्रॉन त्याच रांगेत बसला, म्हणून झाकण वाढलं फक्त ०.३५नं. ओढ वाढली ०.६५नं. लिथियमपासून निऑनपर्यंत प्रत्येक पावलाला ०.६५. ओढ वाढली की रांग आत सरकणार. म्हणून आवर्तनात डावीकडून उजवीकडे जाताना अणू लहान होत जातो. ‘माणसं वाढली म्हणून घर मोठं होतं असं नाही,’ ती म्हणायची, ‘आमच्या गल्लीत येऊन बघा.’ मुलं हसायची आणि जन्मात विसरायची नाहीत.

आता श्यामसुंदर सर. विभागप्रमुख. त्यांच्या छापील नोट्स कॉलेजात बारा वर्षं चालत होत्या, आणि त्या नोट्समध्ये कार्बनचा आकडा २.९० होता. सरांनी चारही इलेक्ट्रॉन मोजले होते. ज्याचा हिशेब करायचा तोसुद्धा स्वतःच्या आड उभा! फ्लोरिनचा ५.२० यायला हवा, तो नोट्समध्ये ४.८५. लूर्डस त्या नोट्स वापरत नव्हती, आणि बाकी कोणाच्या बारा वर्षं लक्षात आलं नाही, कारण त्या नोट्स वाचून कोणी गणित सोडवत नव्हतं, सगळे आकडा पाठ करत होते. माझ्या डिव्हिजनची मुलंही तेच करत होती. मीच त्यांना तसं सांगितलं होतं. एवढा मी आळशी.

त्या वर्षी दोन गोष्टी एकत्र आल्या. कॉलेज स्वायत्त झाल्याने पेपर आम्हीच काढायचा आणि आम्हीच तपासायचा अशी सोय झाली होती. आणि बऱ्याच वर्षांनी विभागात एक पर्मनंट जागा निघाली होती. लूर्डस तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची. ही जागा गेली तर पुढची ती निवृत्तीच्या वयाची झाल्यावर निघणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. निवड समितीत सर होते.

पेपर सरांनी काढला. सहा गुणांचा प्रश्न होता: कार्बन आणि फ्लोरिनचा परिणामी केंद्रकीय प्रभार काढा आणि आवर्तनात अणूचा आकार का घटतो ते स्पष्ट करा. आदर्श उत्तरात २.९० आणि ४.८५. दोन आकड्यांना चार गुण, स्पष्टीकरणाला दोन.

लूर्डसने पहिल्याच दिवशी गठ्ठा बाजूला ठेवला आणि सरांच्या टेबलाशी गेली. स्टाफरूममध्ये मी होतो, आणि आमची लॅब असिस्टंट कुंदाताई चहा गाळत होती.

‘सर, उत्तरात चूक आहे. एक इलेक्ट्रॉन जास्त धरलाय.’

सर चष्म्यावरून बघत म्हणाले, ‘लूर्डस मॅडम, ट्रेंड काय येतो? वाढतोच ना? आकार घटतोच ना?’

‘घटतो सर. चूक सगळीकडे सारखीच आहे ना, म्हणून ट्रेंड बरोबर येतो. आकडा चुकतो.’

‘मग फरक काय पडला?’

तिने सरांच्याच पॅडवर लिहिलं. ‘हायड्रोजन घ्या. इलेक्ट्रॉन एकच. पहिल्या कक्षेत ०.३५ऐवजी ०.३० धरतात, म्हणजे तुमच्या पद्धतीनं १ मधून ०.३० गेले, उरले ०.७०. त्याच्या आड कोण आलं सर? दुसरं कोणी आहेच कुठे तिथे?’

कुंदाताईच्या हातातलं गाळणं तसंच राहिलं. सरांचा चेहरा लाल झाला, आणि त्या क्षणी मला कळलं की सरांना पटलंय. न पटलेला माणूस वाद घालतो. सर पॅडचा कागद फाडून खिशात घालत म्हणाले, ‘आदर्श उत्तर परीक्षा विभागात एकदा गेलं की गेलं. त्यानुसार तपासा.’

‘माझ्या एक्केचाळीस मुलांनी बरोबर लिहिलंय. त्यांना शून्य देऊ?’

‘त्यानुसार तपासा.’

दुपारी मी तिला कॅन्टीनच्या मागे गाठलं. ‘अगं, वेड लागलंय का तुला? तीन आठवड्यांवर इंटरव्ह्यू आलाय. चार मार्कांनी कोणाची वाट लागत नाही.’

‘श्रुतिका नापास होतेय त्यात,’ ती म्हणाली. ‘आणखी दोघं. आणि हर्षद, तिला मीच रांगेतून बाहेर काढलं होतं. वर्गासमोर. आता सांगू, की बाई गं, तू आतच होतीस?’

‘जागा गेली तर?’

‘मला पाहिजे रे ती जागा,’ ती म्हणाली. ‘तुला काय वाटतं, मला नकोय? दर जूनला मी तापानं आजारी पडते. पण हे नाही होणार माझ्याच्यानं.’

तिने ३.२५ ला गुण दिले आणि परीक्षा विभागाला पत्र लिहिलं. एक पान, हायड्रोजनसकट. परीक्षा विभागात रसायन कोणाला कळत नव्हतं, म्हणून त्यांनी नियमाप्रमाणे पत्र मॉडरेटरकडे, म्हणजे तपासणीवर देखरेख करणाऱ्याकडे, अभिप्रायाला पाठवलं. मॉडरेटर मी होतो.

मी ते पत्र घरी नेलं. बोरिवलीच्या माझ्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून पेन्सिलीने कार्बन केला, फ्लोरिन केला, हायड्रोजन केला. दहा मिनिटांचं काम. लूर्डस बरोबर होती हे मला पेन्सिल न उचलताही माहीत होतं. आता वाचणाऱ्याला वाटेल, माझं काही अडकलं असेल. बढती, बदली, काहीतरी. काही नव्हतं. मी पर्मनंट होतो, श्यामसुंदर सर माझा केसही वाकडा करू शकत नव्हते. मला फक्त रोज सकाळी त्यांच्यासमोर बसून चहा प्यायचा होता, आणि तो कडू होऊ द्यायचा नव्हता.

मी अभिप्राय लिहिला: ‘उत्तरपत्रिका मंजूर आदर्श उत्तरानुसार तपासल्या जाव्यात.’ एका ओळीत एकही खोटा शब्द नाही. इतकं निर्मळ वाक्य मी आयुष्यात दुसरं लिहिलं नाही.

गठ्ठा तिच्याकडून काढून माझ्याकडे आला. एक्केचाळीस उत्तरपत्रिकांवर तिच्या लाल चारांवर मी हिरवं शून्य केलं. श्रुतिकाच्या पेपरात तिने कडेला एक छोटी रांग काढून एका ठिपक्याला बाहेर काढलं होतं, बाण दाखवून. तिथेही केलं.

इंटरव्ह्यूत सरांनी लूर्डसला रसायनातलं काहीच विचारलं नाही. विचारलं, वरिष्ठांच्या सूचना पाळण्याबद्दल तुमचं मत काय? ती म्हणाली, सूचना बरोबर असेल तर पाळते. बाहेर आली तेव्हा मी जिन्यात होतो. तिने माझा अभिप्राय वाचलेला होता. पत्राच्या उत्तरासोबत त्याची प्रत जोडून येते, हा आमच्या ऑफिसचा एकमेव चोख कारभार. तिने मला शिव्या द्यायला हव्या होत्या. ती म्हणाली, ‘अक्षर छान आहे तुझं,’ आणि खाली उतरली.

जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. त्या जूनमध्ये तिला तासही मिळाले नाहीत. कोणी निरोपसमारंभ केला नाही, कारण जो कधी रुजूच झाला नाही त्याचा निरोप कसला!

पुढच्या वर्षी सरांच्या नोट्सची सुधारित आवृत्ती निघाली. कार्बन ३.२५, फ्लोरिन ५.२०. तळाशी चौकटीत हायड्रोजनचं उदाहरणसुद्धा. प्रस्तावनेत सरांनी लिहिलं होतं की ‘काही त्रुटी निदर्शनास आणून दिल्याबद्दल माझे सहकारी प्रा. हर्षद यांचा मी आभारी आहे.’ चहाची परतफेड म्हणा हवं तर. मी सरांना म्हणालो नाही, की सर, ते मी नव्हतो. म्हणालो, ‘थँक्यू सर.’

दोन महिने ती प्रत माझ्या बॅगेत होती. शेवटी ती घेऊन मी घाटकोपरला गेलो. स्टेशनच्या पूर्वेला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर मेडिकलच्या नीट परीक्षेचे क्लास चालतात, तिथे ती शिकवते. तास संपेपर्यंत बाहेर बाकावर बसलो. आतून मुलांचा आवाज आला, ‘नाही मिस!’ मला उठून पळावंसं वाटलं.

ती बाहेर आली. केस पांढरे झाले होते. मी पुस्तक पुढे केलं. मनातून मला वाटत होतं की ती प्रस्तावना वाचेल, मला चार शब्द सुनावेल आणि माझी सुटका होईल. तिने प्रस्तावना उघडलीच नाही. सरळ ते पान काढलं, बोटाने हिशेब उतरत गेली, हायड्रोजनच्या चौकटीशी थांबली.

‘आता बरोबर आहे,’ ती म्हणाली. पुस्तक मिटून माझ्या हातात परत दिलं. ‘मग मुलांचे मार्क वाढवले?’

मी म्हणालो, ‘नाही.’