साखर बंद, गूळ चालू

बाळांनो, गेल्या रविवारी फोनवर तुमचे बाबा म्हणाले, "आई, माझी शुगर सीमेवर आली आहे, पण काळजी करू नकोस. घरात साखर बंद केली. आता सगळं गुळात आणि ताडगुळात." तुम्ही मागून ओरडलात की ताडगुळाचा केक छान लागतो. मी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि दोन दिवस अस्वस्थ राहिले. आबांच्या पायाला जखम झाली होती आणि ती बरी झाली, एवढंच तुम्हाला सांगितलं आहे. ते खोटं नाही, पण पुरतंही नाही. बाकीचं आता लिहिते. बाबांनाही वाचून दाखवा.

आबांना मधुमेह निघाला तेव्हा डॉक्टरांनी औषध लिहून दिलं आणि म्हणाले, "साखर बंद." मला शिस्त आवडते हे तुम्हाला माहीत आहे. त्याच दुपारी साखरेचा डबा रिकामा करून धुतला, पालथा घातला. चिमूटभरही ठेवली नाही. तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. "गुळात लोह असते" हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! तेव्हा साखरेच्या जागी गूळ आणला आणि आपण डॉक्टरांच्याही पुढे एक पाऊल टाकलं असं मला वाटलं.

गुळावर हात बसायला वेळ लागला. पहिल्याच दिवशी तो दुधाच्या चहात उकळला आणि दूध फाटलं. मग चहा उतरवून जरा निवल्यावर गूळ घालायला लागले. साखरेच्या शिऱ्याचा रवा मोकळा राहतो, गुळाचा शिरा ओलसर आणि जड होतो. पाकाचंही तसंच. साखरेच्या पाकाची तार बोटांत दिसते. गुळाच्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून त्याची गोळी होते का ते पाहावं लागतं, आणि क्षणभर नजर हलली की तो करपट होतो. चव मात्र भरलेली, किंचित खारट, मागे उसाचा वास. साखर नुसती गोड असते, तिला स्वतःचं असं काही नसतं. त्यामुळे गूळ जिभेला साखरेपेक्षा कमी गोड लागतो. जिथे एक चमचा साखर पुरायची तिथे मी सुपारीएवढा खडा टाकायचे, आणि आबा म्हणायचे, "अवो, अजून एक टाका. हे तं औषधच हाय!"

चारीठाव जेवण, तीन वेळा चहा, दुपारी शेंगदाण्याचा लाडू. आबा खूष. गावातल्या दोस्तांना सांगायचे, "बिमारी असावी तं अशी."

त्यात तुमच्या आईने ताडगुळाची पाकिटं पाठवली, दाणेदार, तपकिरी. ताडाची नीरा आटवून करतात तो गूळ. तिने प्रेमाने पाठवली, पाकिटावर 'साखर हळू वाढते' असं छापलेलं होतं, आणि ते वाचून मीच जास्त निश्चिंत झाले. त्याची शेवयांची खीर केली तर रंग चहासारखा आला आणि धुराचा असा वास की वेलदोडा कुठल्या कुठे गेला. मला नाही आवडली. आबांनी दोन वाट्या खाल्ल्या.

थंडीत नवी चप्पल त्यांच्या डाव्या पायाच्या करंगळीला चावली. त्यांना कळलंच नाही. फरशीवर ओले ठिपके दिसले म्हणून मी पाय उचलून पाहिला.

"मले काही दुखून नाही राह्यलं," ते म्हणाले.

दुखत नव्हतं याचीच मला भीती वाटली.

मेहकरच्या डॉक्टरांनी जखम साफ केली, रक्त तपासलं आणि कागदाकडे बघून माझ्याकडे बघितलं. "गोड काय काय खातात?"

"साखर शून्य," मी ताठ मानेने सांगितलं. "तीन वर्षं घरात साखर आलेली नाही."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. कुणीही ठेवला असता. जेवणात काही चूक नाही, म्हणजे औषध कमी पडतंय, असं धरून त्यांनी सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन लावलं. म्हणाले, "पंधरा दिवस. शुगर उतरली नाही तर बोट काढावं लागेल. आणि सडणं वर सरकलं तर बोटावर थांबणार नाही." आबा परतीच्या जीपमध्ये खिडकीबाहेर बघत बसले. नेहमीची एकही कोटी केली नाही.

पाच दिवस मी सुई टोचत होते, मीटर लावत होते, आणि आकडा खाली यायला तयार नव्हता. डॉक्टरांनी फोनवर मात्रा वाढवली. तरी तेच. करंगळी निळी पडत चालली. मग मी, सांगायला लाज वाटते, त्यांचे खिसे तपासले.

"काय पाहून राह्यल्या?"

"तुम्ही बाहेर गोड खाता. त्याशिवाय हे होणार नाही."

"तुमची शप्पथ, नाही खाल्लं."

"माझी शपथ घेऊ नका. रोज त्या गुळाच्या दुकानात जाऊन बसता. काय पेढे मोजता तिथे?"

ते माझ्याकडे फक्त बघत राहिले. तो चेहरा अजून मला झोपू देत नाही.

मी चप्पल घातली आणि तडक जानेफळच्या बाजारात गेले. गुळाचे व्यापारी आबांचे जुने दोस्त, मुसलमान गृहस्थ. त्यांच्या दोन्ही मुली माझ्या हाताखाली शिकलेल्या. मी उभ्याउभ्या विचारलं, "भाई, खरं सांगा. तुम्ही यांना दुकानात काही गोड खायला देता का?"

त्यांच्या हातातली गुळाची भेली हातातच राहिली. "बाई, कसम खुदाची, दुकानात बिनसाखरेचा चहा पाजतो त्याईले. पन तुमच्याच घरी महिन्याले पाच किलो गूळ जाते. दोन मानसं तुम्ही! मले वाटे पाहुणे असतीन."

"पण तो गूळ आहे," मी म्हणाले. "साखर नाही."

ते हसले, पण त्या हसण्यात थट्टा नव्हती. "बाई, तुम्ही माह्या पोरीईले शिकवलं, आन् मीच तुमाले सांगू? उसाचा रस आटवला का गूळ. तोच रस साफ केला, धुतला, दाना पाडला का साखर. धुन्यात जे गेलं ते मूठभर. बाकी सारी साखरच. अन् ते लोखंड म्हनता ना, त्यातलं अर्धं तं कढईचं असते."

"आणि ताडगूळ?"

"झाड बदललं. दुसरं काय? मीटरले रंग दिसत नाही, बाई." मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून स्वतःचा मीटर काढून गल्ल्यावर ठेवला. "मले बी हाय. दोन साल झाले, माल मी चाखत नाही. भाऊ चाखते, मी इकतो."

मी तिथल्या पोत्यावर बसले. लोह आहे, हे मी शिकवलं होतं. किती आहे, हा प्रश्न मी एकाही मुलीला विचारू दिला नव्हता, स्वतःलाही नाही. तेवढ्या लोहासाठी माणसाला इतका गूळ खावा लागेल की लोहाआधी साखरच त्याला खाईल.

घरी आले आणि पुन्हा तीच चूक केली, उलट्या बाजूने. गूळ बंद, ताडगूळ बंद, लाडू बंद, त्याच क्षणापासून. डॉक्टरांना फोन केला नाही. काय सांगणार होते? बाई, तुम्ही तर शून्य म्हणाला होतात, असं ते म्हणाले असते तर? सकाळ झाली की सांगू, असं मनाला समजावलं. सुईची मात्रा मात्र तीच ठेवली, पाच किलो गुळावर ठरलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीही फोन झाला नाही. दुपारी आबांनी बिनगोड चहा तोंड वाकडं करून घेतला. लाडू मागितला, मी दिला नाही. दिवेलागणीला खुर्चीत बसल्या बसल्या ते म्हणाले, "अवो, मले घाबरं घाबरं होऊन राह्यलं." कपाळावर घामाचे थेंब. हात असे थरथरत होते की पाण्याचा पेला सांडला. मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही कोन?"

मीटर लावला. बावन्न.

शुगर खाली गेली की लगेच साखरपाणी, हे डॉक्टरांनी बजावलेलं. आणि माझ्या घरात साखरेचा कण नव्हता. गुळाची भेली दगडासारखी, फोडायला बत्ता सापडेना. फडताळात तुमच्या आईचं पाकीट दिसलं. तीन मोठे चमचे ताडगूळ पाण्यात ढवळला, त्यांची मान हाताने धरली आणि म्हटलं, "गिळा. बोलू नका, फक्त गिळा." अर्धं अंगावर सांडलं, अर्धं आत गेलं. मी घड्याळाकडे बघत बसले. पंधरा मिनिटांनी एक्क्याऐंशी. अर्ध्या तासात एकशे बारा. पाकिटावर काहीही छापलेलं असो, ताडगुळाने अगदी साखरेसारखं काम केलं.

आबांनी डोळे नीट उघडले. "लई कडू चेहरा करून बसल्या," म्हणाले. "म्या काय केलं?"

"तुम्ही काही केलं नाही," मी म्हणाले. "सगळं मी केलं."

मग डॉक्टरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. पाच किलो, लाडू, खीर, चहा, शून्य. त्यांनी आधी आत्ताचा आकडा विचारला. मग ते म्हणाले, "गूळ थांबवलात ते बरोबर. पण मात्रा कमी न करता थांबवलात, तर आज ते गेले असते." रागावले नाहीत. त्यांनी भाकरी, भाजी, वरण सगळं पुन्हा विचारून मात्रा नव्याने ठरवली. घरात चार चमचे साखर एका बाटलीत भरून ठेवायला लावली, खायला नाही, अशा वेळेसाठी.

आठ दिवसांत आकडे उतरले. पण करंगळी तोवर काळी पडली होती. शस्त्रक्रियेच्या सकाळी आबा माझा हात धरून म्हणाले, "एकच जाऊन राह्यलं. बाकीचे पाहा तुम्ही." मी त्यांच्या खिशांबद्दल माफी मागितली. ते म्हणाले, "खिशात सुपारी होती, ते तुमाले दिसली नाही हे बरं झालं." तेव्हा मला हसू आलं आणि रडूही.

बाबांना सांगा: गुळाला चव आहे, ताडगुळाला चव आहे, सणाला थोडं खावं. पण ते साखरच समजून मोजावं, आणि डॉक्टरांनी विचारलं की खरं सांगावं.

जखम भरून आली. आबांचा डावा पाय शाबूत आहे. त्याला चार बोटं आहेत.