अकरा रुपयांचा दांडा

कपडे आणि फरशी घासायचे ब्रश करणाऱ्या त्या बाईला सगळे ‘ब्रशवाल्या वहिनी’ म्हणायचे. नवरा गेल्यावर पत्र्याच्या शेडमधला तो कारखाना तिने आणि धाकट्या दिराने नेटाने चालवला. माल पोचवायचा, दुकानदारांना सांभाळायचं, हे दिराचं काम. खर्चाचा कागद मात्र वहिनी कपाटात कुलपात ठेवायची. विश्वास नव्हता असं नाही, पण ताकही फुंकून प्यायची तिची सवय.

निम्मा माल एकाच मोठ्या दुकानसाखळीला जायचा. शंभराला विकल्या जाणाऱ्या ब्रशमागे अठ्ठावीस रुपये त्यांचे, बहात्तर हिचे, आणि पैसे तीस दिवसांत. सहा वर्षं सुरळीत गेली. मग खरेदी खात्यात नवा साहेब आला आणि नवा करार पुढे सरकवला: मार्जिन छत्तीस, पैसे नव्वद दिवसांनी.

“सगळ्याच पुरवठादारांना हेच आहे, मॅडम,” साहेब गोड हसला.

वहिनीला ते हसणं खटकलं. घरी येऊन तिने बारीक अक्षरातली पानं बोट ठेवून वाचली. नव्वद दिवस मोजायचे ते माल पोचल्यापासून नाही, तर गोदामाने तो तपासून ‘स्वीकारला’ अशी नोंद केल्यापासून. ती नोंद कधी करायची, याला मुदतच नव्हती. शिवाय न विकलेला माल परत. एका ब्रशला साठ रुपये खर्च, हातात चौसष्ट, त्यातले दोनेक तीन महिन्यांच्या बँकेच्या व्याजात जाणार.

“म्हणजे घरचं खाऊन लष्कराच्या भाकरी,” ती दिराला म्हणाली.

“पण वहिनी, ते गेले तर निम्मी शेड बंद. सही करून टाकूया का?”

एवढ्यावरून तिच्या मनात पाल चुकचुकली. याला एवढी घाई का? साहेबाबरोबर हा दोनदा चहा प्यायला, हे तिला मालाच्या टेम्पोवाल्याकडून कळलं होतं. दिराने स्वतः काही सांगितलं नव्हतं. रात्रभर तिचा डोळा लागला नाही. सकाळी तिने खर्चाचा खोटा कागद केला. लाकडी दांडा चौदाला पडायचा, तिथे सतरा लिहिले. “हे जरा बघून ठेवा, भावजी,” म्हणून कागद दिराच्या हातात दिला. हा आकडा साहेबाच्या तोंडून आला, की चोर सापडला.

दुसऱ्या बैठकीत तिने सांगितलं, “छत्तीस टक्क्यांत मला परवडत नाही.”

साहेबाने वही उघडली. “का नाही? दांडा तर अकराला पडतो.”

वहिनी चमकली. अकरा? सतरा नाही, चौदाही नाही. शेजारी दीरही बुचकळ्यात पडला होता. अकराचा भाव ना तिच्या कपाटात होता, ना दिराच्या खिशात. तो फक्त दांडेवाल्याकडूनच आलेला असणार, तोही कोणी हलक्या लाकडाचा भरमसाट माल मागितला तरच. आणि एवढे दांडे ज्याला हवेत, त्याला स्वतःच्या नावाचे ब्रश काढायचे असणार!

“अकरावाला दांडा कच्च्या लाकडाचा असतो, साहेब,” ती शांतपणे म्हणाली. “महिनाभर पाण्यात वापरून बघा, मग बोलू.”

साहेबाचं हसणं पहिल्यांदाच मावळलं.

बाहेर येताच तिने दिराला विचारलं, “त्यांच्याबरोबर चहा कशासाठी प्यायलात?”

“ते आल्यापासून थकलेली बिलं सोडवायला. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, हात पसरू नका.” तो पुढे म्हणाला, “आणि दांडा सतराचा नाही, हे दांडेवाल्याची बिलं मीच आणतो म्हणून मला माहीत होतं. वाटलं, घाईत चुकलं असेल.”

वहिनीने सगळं कबूल केलं. तो एवढंच म्हणाला, “विचारायचं होतंत.” पुढचे आठ दिवस तो कामापुरतंच बोलला, आणि तेही तिने निमूट सोसलं.

साखळीच्या ऑर्डर थांबल्या. दोघांनी लहान दुकानांचे उंबरठे झिजवले, अडीचशे ठिकाणी माल लावला. पाऊणेक भरपाई झाली. सातव्या आठवड्यात साहेबाचा फोन आला. साखळीने स्वतःच्या नावाने काढलेल्या नमुन्याच्या ब्रशांचे दांडे भोकांपाशी चिरले होते. हे तो बोलला नाही. फक्त ‘पुन्हा बसू’ म्हणाला. दांडेवाल्याने मात्र मान खाली घालून सांगितलं.

या वेळी वहिनीने अटी स्वतः लिहून नेल्या. मार्जिन बत्तीस, त्याहून वर नाही. पैसे पंचेचाळीस दिवसांत, माल पोचल्याच्या पावतीपासून. परत फक्त सदोष माल. आणि कारखान्यातल्या सातपैकी तीनच प्रकारचे ब्रश.

“तीनच का?” साहेबाने विचारलं.

“बाकीचे आता दुसऱ्यांना जातात.”

तासभर घासाघीस झाली, पण पावतीच्या अटीवरून ती तसूभर हलली नाही. शेवटी साहेबाने मान डोलावली. पक्का करार हाती आला तेव्हा तिने तो आधी दिरापुढे ठेवला.

“तुम्ही वाचा, भावजी. मग मी सही करते.”

त्याने एकेक ओळ वाचली. एके ठिकाणी ‘पोचल्यापासून’ऐवजी पुन्हा ‘स्वीकारल्यापासून’ छापलं होतं. त्याने पेनाने त्याभोवती गोल काढला आणि कागद साहेबाकडे परत सरकवला.