हजीऱ्याची दहा ते बाराची वेळ

घरी वापरायची ऑक्सिजनची मशीन दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात तंत्रज्ञांची रोजची कामं लावून देणं माझ्याकडे होतं. माझी पद्धत ठरलेली होती: सकाळी शहराचा दुकानाजवळचा लष्कर भाग, दुपारी लांबचा हजीरा भाग. एका भागातली कामं एका दमात उरकायची, आणि त्यात कुणी तोंड घातलेलं मला खपत नसे.

त्या दिवशी लष्करमधल्या दोन्ही कामांना, बाड्याच्या चौकातल्या आणि पाटणकर बाजारातल्या, दोनपर्यंत मुभा होती. हजीऱ्याच्या घराने मात्र दहा ते बारा अशी वेळ मागितली होती. का, ते मी विचारलं नव्हतं. आमचा तंत्रज्ञ म्हणाला, "दादा, पहिले हजीरा करून घेतो ना. वापस येऊन लष्करची दोन्ही होऊन जातील."

"उलटसुलट चकरा मारायला पेट्रोल तुझ्या घरचं आहे का?" मी म्हणालो.

पाटणकर बाजारातली मशीन उघडल्यावर काम वाढलं. तो हजीऱ्याला पोहोचला तेव्हा पाऊण वाजला होता आणि दाराला कुलूप होतं. शेजारणीने त्याला सांगितलं, की मशीन बंद पडल्यामुळे घरातल्या आजोबांना लावलेला ऑक्सिजनचा सिलिंडर बारापर्यंतच पुरणार होता. तो संपल्यावर त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, पण ते वाटेतच गेले.

त्याने हे मला फोनवर सांगितलं.

न झालेलं काम बंद करताना कंप्युटरवर एक कारण निवडावं लागतं. यादीत 'आम्हाला उशीर झाला' हेही होतं. मी 'ग्राहक घरी नव्हते' निवडलं.