आठातले तीन

सकाळचे आठ वाजले होते आणि मी पोहे खात सल्ला देत होतो. एवढी दोनच कामं मला एका वेळी नीट जमतात. मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तिच्या वहीत एक बीम होता: एक टोक कॉलममध्ये पक्कं, दुसरं नुसतं टेकूवर, वरून सगळीकडे सारखं वजन, दर मीटरला डब्ल्यू. टेकू किती उचलतो?

"अर्धं," मी म्हणालो. "वीस वर्षं साइटवर गेलीत माझी."

"पप्पा, अर्धं न्हाई. यात एक प्रतिक्रिया जास्तीची आहे, नुसत्या समतोलानं सुटत न्हाई."

तिनं टेकूची प्रतिक्रिया, म्हणजे तो खालून देतो तो जोर, 'आर' धरली. टेकूपासून एक्स अंतरावरचा मोमेंट, म्हणजे बीमला वाकवणारा परिणाम, लिहिला: आर गुणिले एक्स, वजा डब्ल्यू एक्सवर्गाचा अर्धा. त्याचा वर्ग घेऊन बीमभर साठणारी ऊर्जा मांडली.

"टेकू खचत न्हाई ना? मंग आर तेवढाच येणार, ज्यानं ही ऊर्जा कमीत कमी होते."

आरच्या हिशेबानं डेरिव्हेटिव्ह काढलं, शून्य धरलं. टेकूवर एकूण वजनाचे आठातले तीन भाग, कॉलमवर पाच.

"आणि कॉलमपाशी उलटा मोमेंट येतो. तिथं बीमची वरची बाजू ताणली जाते."

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. राजूरला मेहुण्याच्या पेढ्यांच्या दुकानापुढचा असाच बीम मीच काढून दिल्ता. अर्धा-अर्धा धरून. काँक्रीटला ताण सोसत नाही, तो सळ्यांनी घ्यायचा; आणि जाड सळ्या सगळ्या खाली. वर फक्त रिंगा अडकवायला दोन बारीक. कॉलमपाशी वरून तडा जाणार, आणि खाली गिऱ्हाईक उभं असणार. काँक्रीट आजच नऊला पडणार होतं.

मेहुण्याला फोन लावला. उचलला नाही. मिस्त्रीनंही नाही. मुलीला मागं बसवून मोटारसायकल काढली. हेल्मेट उलटं घातलं होतं, हे तिनं दोन चौक गेल्यावर सांगितलं. रस्ताभर मला मिक्सरचाच आवाज येत होता.

पोचलो तेव्हा मिक्सर खरंच फिरत होता. पहिलं घमेलं मजुराच्या डोक्यावर.

"थांबवा!"

मिस्त्री म्हणाला, "साहेब, माल तयार झाला."

"तो माल पायरीच्या पायात टाका. बीमला हात लावायचा न्हाई."

मेहुणा दुकानातून बाहेर आला. "काय झालं दाजी? पंचांग बघायचं राहिलं का?"

"माझं चुकलं," मी म्हणालो. हे वाक्य सासुरवाडीच्या माणसापुढं उच्चारायची सवय नसल्यानं जरा चोरटंच निघालं.

मुलीनं बीमवर मोजायचा टेप धरला. कॉलमपासून पाव लांबीपर्यंत ताण वरच्या बाजूला; सळ्या त्याच्याही पुढं न्यायच्या आणि दुसरं टोक कॉलमच्या सळ्यांच्या पिंजऱ्यात वाकवून उतरवायचं. कॉलमचा माथा अजून भरला नव्हता, हे नशीब. किती जाडीच्या सळ्या, ते मी तिथंच वहीच्या मागच्या पानावर काढलं. तिनं ते पुन्हा तपासलं.

मिस्त्रीनं सळ्या बांधल्या. मी प्रत्येक गाठ ओढून बघितली, मग परत पहिल्यापासून.

"दाजी," मेहुणा म्हणाला, "आता टाकू का? का भाचीला विचारू?"

"तिलाच विचार," मी म्हणालो.

तिनं वाकून एकवार वरच्या सळ्या मोजल्या आणि मिस्त्रीकडे बघून मान डोलावली.