एकाच मोबाईलवरची दोन खाती

धाकट्या भावाने रमीच्या ॲपवर जिंकलेले पैसे काढायला टाकले, तेव्हा 'खात्याची तपासणी सुरू आहे' एवढाच संदेश आला. त्या पैशातून तो बुटीबोरीला कामावर जायला जुनी गाडी घेणार होता. तो निर्धास्त होता, मी मात्र नव्हतो. नव्या खात्याच्या बोनससाठी मी त्याला न सांगता त्याच्याच मोबाईलवर माझ्या नावाने खातं उघडलं होतं, पत्ताही घराचाच दिला होता.

सकाळी ॲपवाल्यांनी कळवलं की एकाच मोबाईलवर, एकाच पत्त्यावर दोन खाती आढळली, म्हणून दोन्ही बंद आणि रक्कम जप्त.

"दादा, घरात दुसऱ्या कोणाचं खातं नाही, असं लिहून राहिलो त्यायले. बरोबर ना गा?"

"लिही," मी म्हणालो.

त्याने ते विश्वासाने पाठवलं. माझं नाव त्यांच्याकडे आधीच होतं.